नेमप्लेटचा फोटो, एक पुसट आकडा आणि गायब झालेले ७२ वॅट

निळीशाई

नमस्कार मंडळी. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला असाइनमेंटमध्ये गणित सरळ न देता लॅबमधल्या ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटचा फोटो दिलाय. आकडे त्यावरून वाचून घ्यायचे. फोटो तिरका काढलेला आहे आणि प्लेटच्या उजव्या बाजूला फ्लॅश चमकलाय. मला जे वाचता येतंय ते असं: २ केव्हीए, ५० हर्ट्झ, प्रायमरी ४०० व्होल्ट, सेकंडरी १_५ व्होल्ट (मधला आकडा पुसट, मला २ वाटला), सेकंडरी करंट १७.४ अँपिअर. प्रायमरी करंट "५." इथपर्यंत दिसतो, पुढचा आकडा चकाकीत गेलाय. खालची ओळ फोटोत आलेलीच नाही.

प्रश्न असा आहे: ०.८ लॅगिंग पॉवर फॅक्टरच्या पूर्ण लोडला टर्न्स रेशो आणि सेकंडरी करंट काढा. आयर्न लॉस ३८ वॅट आणि पूर्ण लोडचा कॉपर लॉस ७२ वॅट धरून पूर्ण आणि अर्ध्या लोडची कार्यक्षमता काढा.

मी १२५ धरून केलं. रेशो ४०० ÷ १२५ = ३.२ आला. करंट २००० ÷ १२५ = १६ अँपिअर. प्लेटवर १७.४ आहेत, तर वरचे १.४ लॉसमुळे असतील असं समजून पुढे गेले. कार्यक्षमता (२००० − ११०) ÷ २००० = ९४.५ टक्के. उत्तरपत्रिकेत मात्र ३.४८, १७.४, ९३.६ आणि ९३.५ आहे. म्हणजे माझं एकही उत्तर बरोबर नाही. कुठे कुठे घसरले ते सांगाल का?

साडेतीन_फेज

४०० व्होल्ट दिसले की थ्री फेज समजायचं. तुम्ही √३ विसरलात. करंट = २००० ÷ (१.७३२ × व्होल्टेज). ११५ धरले तर १०.०४ अँपिअर येतो. उत्तरपत्रिकाच चुकलेली आहे, सरांना दाखवा.

ओहमशांती

@साडेतीन_फेज, प्लेटवर १७.४ छापलेत, आणि तुमचा आकडा १० येतोय. छापलेल्या आकड्याशी एवढं वैर कशाला? ४०० व्होल्ट दोन लाइनींच्या मध्येही मिळतात. त्यावर सिंगल फेज ट्रान्सफॉर्मर खुशाल चालतो. कंट्रोल पॅनलमध्ये असेच बसवलेले असतात.

@निळीशाई, पुसट आकडा डोळ्यांनी नाही, भागाकाराने वाचायचा. केव्हीए माहीत आहे, करंट माहीत आहे. २००० ÷ १७.४ = ११४.९. म्हणजे ११५. झालं. १२५ असते तर प्लेटवर १६.० छापलं असतं.

पुढे:
रेशो = ४०० ÷ ११५ = ३.४८
सेकंडरी करंट = २००० ÷ ११५ = १७.३९
प्रायमरी करंट = २००० ÷ ४०० = ५.० (तुमचा झाकलेला आकडा शून्य आहे)
लोडची पॉवर = २००० × ०.८ = १६०० वॅट
कार्यक्षमता = (१६०० − ११०) ÷ १६०० = ९३.१ टक्के

उत्तरपत्रिकेत ९३.६ म्हणतायत, तो राउंडिंगचा फरक.

निळीशाई

११५ चं पटलं! मी तीन वेळा फोटो झूम करून बघितला, पण १७.४ ने भागून बघायचं सुचलं नाही. फोटोत केव्हीएच्या शेजारी "१" आणि त्याला लागून एक नागमोडी रेघ आहे, ते सिंगल फेजचंच ना?

पण ९३.१ आणि ९३.६ हा राउंडिंगचा फरक वाटत नाहीये मला. राउंडिंगने अर्धा टक्का कसा सरकेल?

मितभाषी

हो, ती खूण सिंगल फेजचीच.

आणि राउंडिंगची शंका रास्त आहे. ओहमशांती, ९९ टक्के बरोबर आहात, फक्त लॉस चुकीच्या बाजूने वजा केलेत. १६०० वॅट हे लोडला पोचलेले आहेत. ११० वॅट त्याआधीच वाटेत गेलेले आहेत. पोचलेल्यातून ते पुन्हा कापले की एकच लॉस दोनदा मोजला जातो. आत शिरलेली पॉवर १६०० + ११० = १७१०. कार्यक्षमता १६०० ÷ १७१० = ९३.५७ टक्के.

निळीशाई, तुमच्या ९४.५ मध्ये दोन चुका होत्या. एक हीच. दुसरी, तुम्ही वॅटच्या जागी व्होल्ट-अँपिअर घातले. ११० हे खरे वॅट आहेत, त्यांच्याशेजारी खरे वॅटच बसतात. पॉवर फॅक्टर १ असता तर २००० चालले असते आणि उत्तर २००० ÷ २११० = ९४.७९ आलं असतं. लोड ०.८ चा असला की करंट तेवढाच, म्हणून लॉसही तेवढाच, पण पोचणारे वॅट कमी. म्हणून टक्का घसरतो.

आणि करंटबद्दल: लॉस करंट खात नाहीत. सेकंडरीला किती करंट वाहायचा ते लोड ठरवतो. पूर्ण लोड म्हणजेच १७.३९. तुम्ही १.४ अँपिअर "लॉसचे" म्हणून सोडून दिलेत. ते मुळात १२५ या चुकीच्या वाचनाचे होते. दोन आकडे जुळत नसले की लॉसवर ढकलायची सवय लागते. ती लवकर मोडा.

निळीशाई

कान पकडले. :)

अर्ध्या लोडला मी असं केलं: लोड ८०० वॅट, लॉस ११० चा अर्धा म्हणजे ५५. ८०० ÷ ८५५ = ९३.५७. उत्तरपत्रिकेत ९३.५ आहे, म्हणजे हे तरी जुळलं!

मितभाषी

जुळलेलं नाही. दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्ण लोडचंच उत्तर परत आलंय, हे पाहिलंत का? वरचा आणि खालचा दोन्ही आकडे निम्मे केले की भागाकार तोच येणार. अर्ध्या लोडचं उत्तर पूर्ण लोडच्या उत्तराशी तंतोतंत जुळलं तर आधी शंका घ्यावी की लॉस निम्मे करून टाकलेत.

आयर्न लॉस कोअरचा. कोअरला लोडशी देणंघेणं नाही, प्रायमरीला ४०० व्होल्ट आहेत तोवर तो ३८ च. कॉपर लॉस करंटच्या वर्गाने जातो. करंट निम्मा, तर लॉस पाव: १८. एकूण ५६. ८०० ÷ ८५६ = ९३.४६.

तुमचे ५५ आणि खरे ५६ यांत एकाच वॅटचा फरक आहे, म्हणून चूक लपली. पाव लोडला करून बघा. तुमच्या पद्धतीने २७.५ वॅट येतील, खरे ४२.५ आहेत (३८ आणि ४.५). कार्यक्षमता ४०० ÷ ४४२.५ = ९०.४. तिथे लगेच उघडं पडलं असतं.

काठावरपास

मला एक विचारायचंय. ऐन परीक्षेत असला विचार कधी केला नाही म्हणून आयडी असा आहे, पण आता निवांत आहे तर हिशेब मांडून बघितला आणि तो जुळत नाहीये.

सोपं पडावं म्हणून पॉवर फॅक्टर १ धरतो. सेकंडरीला १७.३९ अँपिअर, ११५ व्होल्ट, म्हणजे २००० वॅट बाहेर. रेशो ३.४७८, म्हणून प्रायमरीला १७.३९ ÷ ३.४७८ = ५.०० अँपिअर. ४०० × ५ = २००० वॅट आत. कोअरसाठी प्रायमरी थोडा जास्तीचा करंट घेते, ३८ ÷ ४०० = ०.०९५ अँपिअर. त्याचे ३८ वॅट मिळवले. एकूण आत २०३८.

बाहेर २०००, आत २०३८. मग कॉपर लॉसचे ७२ वॅट कुठून आले? तारा तर गरम होणारच आहेत. फुकटात?

ओहमशांती

सोपं आहे. ५.०० अँपिअर हा आयडियल करंट झाला. लॉस धरले की प्रायमरी करंट वाढतो. २११० ÷ ४०० = ५.२८ अँपिअर. तुम्ही लॉस न धरता करंट काढलात म्हणून जुळेना.

काठावरपास

अहो, पण तो वाढलेला करंट प्रायमरीत येईल कसा? प्रायमरीचे अँपिअर-फेरे आणि सेकंडरीचे अँपिअर-फेरे समान राहतात, कोअरचा तो बारीकसा वाटा सोडला तर. सेकंडरीला १७.३९ च वाहतायत आणि रेशो ३.४७८ आहे, तर प्रायमरीला ५.०० च येणार. रेझिस्टन्स मध्ये आला म्हणून करंट वाढत नसतो. तुमचं ५.२८ उत्तराला जुळवून आणलेलं वाटतंय.

ओहमशांती

हम्म. एनर्जी तर जुळायलाच हवी. विचार करून सांगतो.

वाइंडिंगवाला

मी काही इंजिनिअर नाही, हातात कात्री आणि वार्निशचा डबा असतो. पण हे कोडं मला पहिल्याच वर्षी चांगलं महागात पडलंय.

२३०/१२ व्होल्टचा जळालेला ट्रान्सफॉर्मर आला होता, २० अँपिअरचा. मी उलगडला. प्रायमरी ४६० फेरे निघाले, म्हणजे व्होल्टला दोन फेरे. सेकंडरी उलगडताना तार तुकड्या-तुकड्यांत तुटली, मोजदाद गेली. म्हटलं त्यात काय, १२ व्होल्टला २४ फेरे. भरले, वार्निश केलं, वाळवलं, जोडला. लोडशिवाय मीटरवर १२.० बरोब्बर. खूश झालो. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत. लोड टाकला की ११.१.

पुन्हा खोललं. एक फेरा वाढवला असता तर लोडवर ११.६ मिळाले असते. दोन वाढवून २६ केले. आता रिकामा असताना १३ दाखवतो आणि २० अँपिअरवर १२.१. तेव्हापासून छोटा माल भरताना सेकंडरीला थोडे फेरे जास्त टाकतो आणि उलगडताना तुकडे तुटले तरी एक-एक मोजतो.

तेव्हा सांगायचं काय, प्लेटवरच्या व्होल्टला व्होल्टने भागून आलेला रेशो म्हणजे फेऱ्यांचा रेशो, हे मी तरी मानत नाही. माझ्या त्या नगाचं प्लेटवरून २३० ÷ १२ = १९.१७ येतं. खरे फेरे ४६० ÷ २६ = १७.७.

साडेतीन_फेज

हे तर नवीनच. टर्न्स रेशो = व्होल्टेज रेशो हे सगळीकडे लिहिलेलं असतं की.

मितभाषी

ते लिहिलेलं आहे ते आतल्या व्होल्टेजसाठी, फेऱ्यांत प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या. टर्मिनलवर जे मिळतं ते त्यातून तारेतला ड्रॉप वजा जाऊन. रिकाम्या ट्रान्सफॉर्मरला दोन्ही जवळपास सारखे, लोडवर नाहीत.

वाइंडिंगवाल्यांनी काठावरपासच्या ७२ वॅटचा पत्ता सांगितलाय. आकड्यांनी दाखवतो.

७२ वॅट १७.३९ अँपिअरवर जातात. दोन्ही वाइंडिंगांचा रेझिस्टन्स सेकंडरीच्या बाजूला आणून एकच मानला, तर ७२ ÷ १७.३९ = ४.१४ व्होल्ट त्यात पडतात. आता प्लेटवरचे ११५ कधीचे आहेत, रिकामे असतानाचे की भरलेले असतानाचे? इथे दोन वाटा फुटतात.

वाट एक. ११५ रिकामे असतानाचे. मग रेशो खरोखरच ३.४७८. प्रायमरी ५.०० अधिक ०.०९५, आत २०३८ वॅट. पण पूर्ण लोडला सेकंडरीला ११५ उरतच नाहीत, ११०.८६ उरतात. बाहेर १७.३९ × ११०.८६ = १९२८ वॅट. २०३८ वजा १९२८ = ११०. जुळलं. ७२ वॅट बाहेर जाणाऱ्यातून कापले गेले.

वाट दोन. ११५ पूर्ण लोडवरचे. मग रिकामे असताना ११५ + ४.१४ = ११९.१४ हवेत, आणि फेऱ्यांचा रेशो ४०० ÷ ११९.१४ = ३.३५७. प्रायमरीला १७.३९ ÷ ३.३५७ = ५.१८ अँपिअर. ४०० × ५.१८ = २०७२. त्यात कोअरचे ३८, म्हणजे २११०. बाहेर २०००. जुळलं. इथे ७२ वॅट आत येणाऱ्यात वाढले.

काठावरपास, तुम्ही रेशो पहिल्या वाटेचा घेतलात आणि लोडवरचं व्होल्टेज दुसऱ्या वाटेचं. दोन वाटांवर एकेक पाय ठेवलात, ७२ वॅट मधल्या फटीत पडले. ओहमशांतींचा ५.२८ जुळवून आणलेला असला तरी दुसऱ्या वाटेवर तो अगदी बरोबर आहे (५.१८ आणि ०.०९५). फक्त त्याबरोबर ३.४८ हा रेशो ठेवता येणार नाही.

काठावरपास

दंडवत घ्या. म्हणजे करंट वाढला तो रेझिस्टन्समुळे नाही, सेकंडरीला फेरे जास्त भरलेत म्हणून. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर आयडी वेगळा असता.

ओहमशांती

मान्य. पण मग यातली कुठली वाट खरी हे प्लेट बघून कसं ठरवायचं? की ज्याला जे आवडेल ते?

मितभाषी

आवडीचा प्रश्न नाही. ट्रान्सफॉर्मर कुठल्या मानकाप्रमाणे बनवलाय त्यावर आहे. मोठे पॉवर ट्रान्सफॉर्मर आयईसी ६००७६ प्रमाणे असतात, त्यांच्या प्लेटवरचं सेकंडरी व्होल्टेज रिकामे असतानाचं. छोटे कंट्रोल आणि आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मर आयईसी ६१५५८ खाली येतात, त्यांच्या प्लेटवरचं व्होल्टेज पूर्ण लोडवरचं. मानकाचा क्रमांक प्लेटवर असतो, आणि तो बहुधा फोटोत न आलेल्या त्या खालच्या ओळीतच असावा.

२ केव्हीएचा आहे म्हणून माझा कौल दुसऱ्या वाटेला. पण फोटोतच एक पुरावा आहे: चकाकीत गेलेला प्रायमरी करंटचा आकडा. ओहमशांतींनी तो शून्य आहे असं सांगून टाकलं होतं. तो शून्य निघाला तर एकतर ११५ रिकामे असतानाचे आहेत, किंवा बनवणाऱ्याने लॉस न धरता २००० ला ४०० ने भागून छापलंय. दोन्हींतलं कुठलं ते कळणार नाही. पण ३ निघाला, तर पहिली वाट बंद. ५.२७५ आणि वर थोडा मॅग्नेटायझिंग करंट काटकोनात, म्हणजे ५.३ च छापला जाईल.

निळीशाई

ट्रान्सफॉर्मर लॅबमध्येच आहे. उद्या प्रॅक्टिकल आहे. बघून सांगते. सोबत रिकाम्या ट्रान्सफॉर्मरवर व्होल्टेजही मोजू का?

मितभाषी

मोजा, पण दोन्ही बाजूंचं एकाच वेळी, दोन मीटर लावून. लाइन नेमकी ४०० नसते. नुसतं सेकंडरी मोजून ४०० ने भागलंत तर लाइनचा फरक रेशोत मिसळेल. आणि ४०० व्होल्टच्या बाजूला प्रोब लावताना सर शेजारी असू द्या.

बघ्या_नंबर_एक

मध्येच विचारतो, माझ्या लॅपटॉपच्या चार्जरवर इनपुट १.७ अँपिअर आणि आउटपुट १९ व्होल्ट ३.४२ अँपिअर आहे. २३० × १.७ = ३९१ वॅट आत, ६५ वॅट बाहेर. कार्यक्षमता फक्त १७ टक्के? बाकीचे सव्वातीनशे वॅट जातात कुठे? चार्जर तर कोमटच असतो.

ओहमशांती

@बघ्या_नंबर_एक, तो आकडा १०० ते २४० व्होल्टच्या चार्जरसाठी जास्तीत जास्त करंटचा आहे, सगळ्यात कमी व्होल्टेजला, वर पॉवर फॅक्टरही वाईट. २३० ला तेवढा वाहत नाही. शिवाय ते स्विचिंग सर्किट, या धाग्याचा विषय नाही. तरी तुमचं "कोमटच असतो" हे निरीक्षण उत्तम. सव्वातीनशे वॅट जिरत असते तर टेबल जळालं असतं.

निळीशाई

बघून आले!

एक. चकाकीत गेलेला आकडा ३ आहे. प्रायमरी ५.३ अँपिअर. मी प्लेटवर बोट फिरवून खात्री केली, कोरलेला आहे.

दोन. खालची ओळ अर्धी रंगाखाली गेलीय. मानकाच्या क्रमांकाचे फक्त शेवटचे "५५८" वाचता आले.

तीन. रिकाम्या ट्रान्सफॉर्मरवर दोन मीटर लावून: प्रायमरी ३९६, सेकंडरी ११८.२. भागाकार ३.३५०. मितभाषींनी ३.३५७ सांगितला होता.

सरांना दाखवलं. ते दोन मिनिटं प्लेटकडे बघत राहिले आणि म्हणाले, "उत्तरपत्रिका मी मागच्या वर्षीचीच दिली होती." मग हसले. पण रेशो कुठला लिहायचा ते सांगितलं नाही, म्हणाले तुम्हीच ठरवा.

वाइंडिंगवाला

११८.२. बघितलंत? भरणाऱ्याने फेरे वाढवलेत. ११५ सरळ हिशेबाने भरले असते तर ३९६ ला ११३.९ दाखवले असते. ३.३५ लिहा आणि मोकळ्या व्हा.

ओहमशांती

मी ३.४८ च लिहीन. प्रश्न फोटोवरून सोडवायचा आहे, लॅबमध्ये जाऊन मोजायला सांगितलेलं नाही. परीक्षक टिक करतो ती ३.४८ ला.

मितभाषी

प्रश्नात "टर्न्स रेशो" विचारलाय, "व्होल्टेज रेशो" नाही. त्यामुळे माझा कल वाइंडिंगवाल्यांकडे आहे. पण ओहमशांतींचंही खोटं नाही. फोटोत तो ३ दिसतच नव्हता. मी असतो तर ३.४८ लिहून शेजारी एक ओळ टाकली असती की हा आदर्श ट्रान्सफॉर्मर धरून, ११५ पूर्ण लोडवरचे असल्यास ३.३६.

एक दिलासा: कार्यक्षमतेला या वादाने फारसा फरक पडत नाही. ११५ लोडवरचे धरले तर ९३.५७. रिकामे असतानाचे धरले तर ०.८ पॉवर फॅक्टरला ड्रॉप साधारण ३.३ व्होल्ट, बाहेर १५५४ वॅट, आत १६६४, म्हणजे ९३.३९. लॉस जोडून कार्यक्षमता काढण्याचा हाच फायदा, व्होल्टेजमध्ये थोडं इकडेतिकडे झालं तरी उत्तर जागचं फार हलत नाही.

काठावरपास

तो ३.३ व्होल्टचा ड्रॉप म्हणजे ४.१४ × ०.८ ना? आणि लीकेज रिअॅक्टन्स? लॅगिंग लोडला तोही ड्रॉप देणार की.

मितभाषी

देणार, आणि तो मी सोडूनच दिलाय. प्रश्नात त्याचा आकडा नाही, नेमप्लेटवर नाही, आणि लॉसवरून तो काढता येत नाही कारण रिअॅक्टन्स वॅट खात नाही. म्हणून ०.८ ला टर्मिनलवर नेमके किती व्होल्ट असतील हे या माहितीतून कोणालाच सांगता येणार नाही. ३.३ हा कमीत कमी ड्रॉप धरा.

निळीशाई

मग तो कसा मिळवायचा? पुढच्या गुरुवारी शॉर्ट सर्किट टेस्ट आहे आमची, त्यातून निघेल?

मितभाषी

निघेल. सेकंडरी शॉर्ट करून प्रायमरीला व्हॅरिअॅकने व्होल्टेज इतकंच वाढवायचं की सेकंडरीत १७.४ वाहतील. नुसता रेझिस्टन्स असता तर प्रायमरीला ४.१४ × ३.३५७, म्हणजे जवळपास १४ व्होल्ट पुरले असते. त्याच्या वर जे लागतील ते लीकेजमुळे, पण सरळ वजाबाकी करू नका, दोघे काटकोनात असतात. समजा १७ लागले, तर लीकेजचे √(१७² − १४²) = ९.६ व्होल्ट.

एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे गोंधळ होणार नाही. वॅटमीटर ७२ दाखवेलच असं नाही. प्रश्नातले ७२ वॅट ७५ अंशाच्या गरम तांब्याचे असतील, तर लॅबमध्ये २५ अंशाच्या थंड वाइंडिंगवर साधारण ६० दिसतील, आणि माझे ते १४ व्होल्टही १२ च्या खाली येतील. ७२ च दिसले, तर प्रश्नातला आकडा थंड असतानाच मोजलेला होता.

वाइंडिंगवाला

आणि ताई, व्हॅरिअॅक शून्यावर आहे हे स्वतः फिरवून बघा, मगच स्विच टाका. आधीच्या बॅचने पुढे ठेवलेला असतो. चौदा व्होल्टच्या टेस्टला ४०० गेले तर पुढचं काम माझ्याकडे येईल, आणि मग सेकंडरीचे फेरे मोजून मीच सांगेन तुम्हाला खरा रेशो.

निळीशाई

हाहा, फेरे मोजायची वेळ तुमच्यावर येऊ देणार नाही. गुरुवारी वॅटमीटर ६० दाखवतो की ७२ ते इथेच लिहिते. असाइनमेंटमध्ये ३.३६ लिहिलंय, शेजारी ३.४८ कंसात.